ओळखीतून येणारा फोन की लिंक्डइनवरचा निरोप? वडोदऱ्यातल्या ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगवाल्यांसाठी तुलना

मकरपुऱ्यात किंवा सावलीत ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात सात-आठ वर्षं टेस्टिंग केलेला माणूस पगाराला वैतागला की त्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, अर्ज-बिर्ज करू नकोस, काम असं कर की लोक तुझं नाव सुचवतील. दुसरा म्हणतो, ते जुनं झालं, आता लिंक्डइन नीट कर. दोन्ही रस्त्यांनी अर्ज न करता नोकरी येते, फक्त ती वेगळ्या ठिकाणाहून येते आणि पगारही वेगळ्या हिशोबाने ठरतो.

आधी ओळखीचा रस्ता. ओळख म्हटलं की आपल्याला दांडिया बाजारातले काका, रावपुऱ्यातला मित्र, गणेश मंडळाचे कार्यकर्ते आठवतात. माणसं चांगली, पण त्यांना जे माहीत ते बहुधा तुम्हालाही माहीतच असतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली नेमकं हेच दाखवलं: ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरच्या अभ्यासातही तसंच दिसलं, पण एका दुरुस्तीसह. अगदीच पुसट ओळख फारशी कामाची नसते, मध्यम पातळ ओळख सर्वांत उपयोगी.

आपल्या धंद्यात अशी ओळख म्हणजे ग्राहकाचा इन्स्पेक्टर. वीज कंपनीचा असो की थर्ड पार्टीचा, तो महिन्यात अनेक कारखान्यांत टेस्टिंगला हजर राहतो आणि कोण कसं काम करतं ते त्याच्यासमोर घडतं. शॉर्ट सर्किट टेस्टसाठी माल एर्डाच्या प्रयोगशाळेत जातो, तेव्हा इतर कारखान्यांची माणसंही तिथे भेटतात. त्या गप्पांतून नावं फिरतात.

नाव नेमकं कशाने होतं ते एका उदाहरणात बघा. 66/11 केव्ही, 20 एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, महिनाअखेर, बिलिंगसाठी वरून दट्ट्या. इन्स्पेक्टर सकाळपासून बसलेला. लोड लॉस मोजण्याआधी वाइंडिंगचा थंड रेझिस्टन्स घ्यायचा असतो, कारण त्यावरून आणि त्या वेळच्या तापमानावरून पुढचा लॉस 75 अंशांवर आणला जातो. तेल आदल्या दिवशी गरम भरलेलं. टाकीच्या वरच्या आणि खालच्या तेलात सात अंशांचा फरक. मानकानुसार तो पाचपेक्षा जास्त असता कामा नये, नाहीतर वाइंडिंगचं तापमान नक्की किती ते कळतच नाही आणि 75 अंशांचा आकडा खोटा पडतो. अशा वेळी बरेच जण सरासरी लिहून पुढे जातात. टेस्टिंगवाल्याने मात्र नोंदवहीत दोन्ही तापमानं लिहिली, इन्स्पेक्टरला दाखवली आणि तेल समान होईपर्यंत टेस्ट थांबवली. मॅनेजर चिडला. माल संध्याकाळी पास झाला.

इन्स्पेक्टर अशी गोष्ट विसरत नाही. लॉस गॅरंटीपेक्षा जास्त निघाला तर ग्राहक पैसे कापतो, म्हणून ज्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो असा माणूस त्याला दुर्मीळ वाटतो. पुढे तो दुसऱ्या कंपनीच्या क्वालिटी विभागात गेला, आणि तिथे टेस्टिंगला कोणी हवंय असं निघालं, तर त्याच्या डोक्यात आधी हे नाव येतं.

इथे एक सावधगिरी. तुमच्या मालाची तपासणी त्याच्याकडे चालू असताना त्याच्यासमोर नोकरीचा विषय काढू नका. त्याचीही अडचण होते, आणि उद्या एखादा माल फेल झाला तर दोघांवर शंका येते.

आता लिंक्डइन. इथे तुमचं काम कोणी पाहिलेलं नसतं, फक्त शब्द शोधलेले असतात. हैदराबादच्या किंवा आखाताच्या रिक्रूटरला तुमचं पद 'सीनियर इंजिनिअर' असं दिसलं तर तो पुढे सरकतो. मथळा असा हवा:

`Power Transformer Testing | up to 220 kV | Impulse, PD, Heat Run, SFRA | IS 2026, IEC 60076`

अर्थात खरंच 220 केव्हीपर्यंत केलं असेल तरच. `Open to work` मध्ये `Recruiters only` निवडता येतं. आपल्याच कंपनीच्या रिक्रूटर्सना ते दिसू नये असा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण खात्री देत नाही. शिवाय वडोदऱ्यात कन्सल्टंट तेच, कारखाने तेच, त्यामुळे बातमी फुटायला वेळ लागत नाही. पोस्ट टाकताना ग्राहकाची नेमप्लेट, लॉसचे आकडे, फेल झालेल्या बुशिंगचा फोटो यांतलं काहीही नको. आणि येणारे निम्मे निरोप वाया जाणार हे धरून चाला. पॉवर ट्रान्सफॉर्मरवाल्याला सीटी-पीटीची नोकरी सुचवणारे रिक्रूटर काही कमी नाहीत.

खरा फरक पगारात आहे. समजा आज वर्षाला नऊ लाख मिळतात. ओळखीतून बोलावणाऱ्या शेजारच्या कारखान्याला तुमच्या कंपनीची पगारपट्टी आधीच ठाऊक असते. ते नवावर पंचवीस-तीस टक्के चढवतात, म्हणजे साडेअकराच्या आसपास, आणि त्याच्या वर जायला कुरकुरतात. पण मुलाखत नावापुरती असते आणि पद बहुधा बरं मिळतं, कारण आतला माणूस तुमच्या बाजूने बोललेला असतो. बाहेरून आलेल्या निरोपामागे त्या पदासाठी ठरलेलं बजेट असतं, समजा चौदा ते सोळा. ते मिळू शकतं, पण तिथे तुमच्या बाजूने कोणीच नसतं. इम्पल्सच्या लहरीत बिघाड कसा ओळखाल, पीडी वाढलं तर आधी काय तपासाल, इथपासून सगळं सिद्ध करावं लागतं. वर शहर सोडावं लागतं. घरभाडं, मुलांची शाळा, वडोदऱ्यातलं स्वतःचं घर हे धरलं तर त्या जास्तीच्या तीन-चार लाखांतले किती उरतात ते ज्याने त्याने मांडून पाहावं.

वेळेचं गणित उलट आहे. मथळा दुरुस्त केल्यावर पहिला निरोप काही आठवड्यांतही येतो. इन्स्पेक्टरच्या डोक्यात नाव बसायला वर्षं लागतात, आणि त्याचा फोन कधी येईल ते कोणाच्याच हातात नसतं.

माझं मत विचाराल तर शहर सोडायची तयारी नसेल, तर लिंक्डइनवर रोज तासभर घालवणं फुकट आहे. मथळा एकदा नीट करून बाकी लक्ष टेस्ट फ्लोअरवर द्या. शहर सोडायचं असेल तर लिंक्डइन धराच, पण त्यातही जुन्या इन्स्पेक्टरांना आणि कंपनी सोडून गेलेल्या सहकाऱ्यांना जोडून घ्या. रिक्रूटरचा निरोप आला की त्या कंपनीत यांच्यापैकी कोणी आहे का ते पाहा आणि मुलाखतीआधी त्याला एक फोन करा. म्हणजे तुमच्या बाजूने बोलणारं कोणीतरी तिथेही असेल.

दोन्ही रस्त्यांवर पहिल्याच फोनवर सध्याचा पगार विचारतात. तेव्हा आकडा लपवू नका आणि फुगवूही नका, पुढे सॅलरी स्लिप मागतातच. पण त्याआधी विचारा, "या पदाचं बजेट किती आहे?" मोठ्या कंपनीचा रिक्रूटर बहुधा सांगतो. शेजारचा कारखानदार हसून विषय बदलतो, तेव्हा तुमचा आकडा तुम्हीच बोला, पदाच्या कामासकट: किती केव्हीपर्यंत, रात्रपाळी आहे का, रिपोर्टवर सही कोणाची.