पहिलं ॲप आधी कुठे: अँड्रॉइड की आयफोन?

दोन्हीकडे एकदम उतरण्याइतका वेळ आणि पैसा हाताशी नसेल, तर हा प्रश्न टाळता येत नाही. मीही यातून गेलो आहे. माझं ॲप औषधांच्या वेळांची आठवण करून देणारं, वार्षिक वर्गणीवर चालणारं. सुरुवात अँड्रॉइडवर केली. आज पुन्हा पहिल्यापासून करायचं झालं, तर बहुधा आयफोनपासून करेन.

अँड्रॉइडकडे वळलो ते साध्या हिशेबाने. जगात फोन जास्त त्याचे आणि नोंदणी एकदाच 25 डॉलर. ॲपलला दरवर्षी 99 डॉलर भरावे लागतात, शिवाय मॅक हवा. हे शुल्क भरायचं थांबवलं, की ॲप स्टोअरवरून उतरतं. पण ही तफावत मला वाटली तेवढी मोठी निघाली नाही. समजा, वार्षिक वर्गणी 10 डॉलर ठेवली. छोट्या विकसकांना दोन्हीकडे 15 टक्के कमिशनचा दर मिळू शकतो (ॲपलकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो), म्हणजे कर सोडून हाती साडेआठ डॉलर. ॲपलचं वर्षाचं शुल्क 12 ग्राहकांत निघतं, गूगलचं तिघांत. अडचण या फरकाची नव्हतीच. मॅक विकत घ्यावा लागणार असेल, तर मात्र गणित बदलतं.

खरा खर्च मला दुसरीकडे आला. ॲप सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि एका बाईंचा मेल आला: ‘आईची सकाळची गोळी राहिली, तुमचं ॲप वाजलंच नाही.’ माझ्या फोनवर सगळं चोख चालत होतं. त्यांच्याकडून फोनचं मॉडेल विचारून घेतलं, तसाच जुना फोन मिळवला, सकाळचा गजर लावला आणि संगणकाला जोडून हे चालवलं:

```
adb shell dumpsys alarm | grep com.example.goli
```

गजर यादीत दिसला. मग अलीकडच्या ॲप्समधून ॲप बोटाने सरकवून बंद केलं आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. या वेळी गजर यादीतून गायब.

कारण असं, की बॅटरी वाचवण्यासाठी काही उत्पादक अँड्रॉइडमध्ये स्वतःची भर घालतात. अशा फोनवर ॲप सरकवून बंद केलं, तर ते सक्तीने थांबवल्यासारखं धरलं जातं, आणि सक्तीने थांबवलेल्या ॲपचे सगळे गजर रद्द होतात. वापरणाऱ्याने ॲप पुन्हा उघडेपर्यंत ते परत लागत नाहीत. त्यातच अँड्रॉइड 14 पासून बहुतेक नव्या ॲप्सना अचूक वेळेच्या गजराची परवानगी आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. आमच्यासारख्या ॲपला ती मिळवता येते. पण बॅटरीची सेटिंग प्रत्येक उत्पादकाची वेगळी आणि वेगळ्या जागी. मी तीन जुने फोन घेतले, प्रत्येकासाठी सूचनांचं वेगळं पान लिहिलं, आणि तरी तसे मेल येतच राहिले. ज्या आईला गोळीची आठवण हवी, तिने सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली जाऊन बटण बदलावं, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते.

आयफोनवर आठवणीची सूचना एकदा प्रणालीकडे सोपवली, की ॲप बंद असलं तरी ती वेळेवर येते. मर्यादा तिथेही आहे: एका ॲपच्या जास्तीत जास्त 64 सूचनाच रांगेत राहतात. पण रोज त्याच वेळी येणारी सूचना एकच जागा घेते, त्यामुळे चार औषधं दिवसातून तीनदा घ्यायची असली, तरी 12 जागांत भागतं. एक दिवसाआडच्या गोळ्या असतील, तर मात्र पुढच्या तारखा एकेक करून लावाव्या लागतात.

पैसे देण्याच्या सवयीबद्दल माझा अनुभव छोटा आहे, तेवढंच वजन त्याला द्या. अँड्रॉइडवर लोक जास्त आले, चौकश्याही जास्त झाल्या. पुढे आयफोनवर आलो, तेव्हा माणसं कमी होती, पण वर्गणी भरणारे त्यांच्यात जास्त निघाले. जाहिरातींवर चालणाऱ्या ॲपला हे लागू नाही. तिथे संख्याच कामाची, आणि ती अँड्रॉइडवर आहे.

प्रेक्षक मात्र नीट पाहा. माझ्याकडे पैसे भरत होती मुलगी आणि फोन होता आईचा. मी मुलगीच डोळ्यांसमोर ठेवून बसलो होतो. तेव्हा वाट पाहणाऱ्यांची यादी असेल, तर ‘फोन कोणता?’ एवढंच विचारू नका, ‘ॲप कुणाच्या फोनवर चालणार?’ हेही विचारा.

उत्तर बहुतेक अँड्रॉइड आलं, तर अँड्रॉइडच करा, माझ्या पसंतीकडे बघू नका. फक्त गूगलकडचं तुमचं विकसकाचं वैयक्तिक खातं नवं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस बंदिस्त चाचणीत राहावं लागतं. ती माणसं ॲप तयार होण्याआधीच जमवा, जमल्यास वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन असलेली, आणि त्या दिवसांत प्रत्येकाला एकदा तरी ॲप सरकवून बंद करायला सांगा.