केबलवर उडणारा ड्रोन: हिवाळाभर वापरल्यावर

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठी मगरी थंडीत उन्हाला येऊन पडतात आणि तासन्‌तास हलत नाहीत. बॅटरीवरचा ड्रोन मात्र वीस-पंचवीस मिनिटांत खाली घ्यावा लागतो, आणि त्या चढ-उताराने त्या बिचकतात. म्हणून जमिनीवरून वीज घेणारा ड्रोन बांधला. बडोद्यात विमानतळ शहरातच आहे, तेव्हा उड्डाणाची परवानगी आधी बघा.

खरा प्रश्न केबलचा आहे. कॅमेऱ्यासकट माझा ड्रोन हवेत स्थिर राहायला साधारण 700 वॅट घेतो. ते 24 व्होल्टवर पाठवायचे तर 29 अँपिअर लागतात. 50 मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन 100 मीटर तांबं, आणि व्होल्टेजची घट दहा टक्क्यांत ठेवायची तर तार 20 स्क्वेअर एमएमची हवी. नुसतं तांबंच 18 किलो भरतं! म्हणून खालच्या युनिटमध्ये 230 व्होल्टचे 400 व्होल्ट डीसी करतो आणि ड्रोनवरचा कन्व्हर्टर ते पुन्हा 24 वर आणतो. करंट दोन अँपिअरच्या आत येतो आणि 0.33 स्क्वेअर एमएमच्या दोन तारा पुरतात.

या केबलमध्ये उष्णतेने जेमतेम 20 वॅट जातात. पण इन्सुलेशन आणि ताण घेणारा अ‍ॅरामिड धागा धरून ती मीटरला 14 ग्रॅम भरते. 40 मीटर उंचीवर ड्रोन 560 ग्रॅम केबल तोलत असतो आणि त्यातच शंभरेक वॅट खर्च होतात. मग आणखी बारीक तार का नको? 0.2 ची तार लावली तर उचलण्याचे 15 वॅट वाचतात, पण उष्णतेत 11 वाढतात. एवढ्याशा फायद्यासाठी नाजूक तार मी घेणार नाही.

शिवाय ड्रमचा मुद्दा आहे. ड्रोन 15 मीटरवर असला की उरलेली 35 मीटर केबल गुंडाळलेलीच राहते आणि तिची उष्णता आतल्या थरांत कोंडते. दुपारच्या उन्हात ड्रम उघडला तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेले आणि इन्सुलेशनवर शेजारच्या तारेचा ठसा उमटलेला दिसतो. तो दिसला की केबल बदला. कमी उंचीवर मी उरलेली केबल ड्रमवरून काढून सावलीत सैल वेटोळ्यांत पसरतो.

ड्रोनवर छोटी बॅटरी हवीच. वीज गेली तर उतरायला ती लागते, आणि वाऱ्याच्या झोतात मोटरी एकदम जास्त करंट मागतात तेव्हा कन्व्हर्टरला तीच सावरते. दर वेळी दोन मीटरवर खालचा स्विच बंद करून ती खरंच भार घेते का, हे मी बघतो. 400 व्होल्ट डीसी जीवघेणं असतं. लोड चालू असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही.

वाऱ्यावर उपाय नाही. झोत आला की केबलला पोट येतं आणि ती काठावरच्या बाभळीत अडकते. त्यामुळे दुपारी वारा सुटायच्या आत मी ड्रोन उतरवतो.