प्रिल चालू ठेवायची की सार्टानवर जायचं? खोकल्याच्या अंगाने एक तुलना

डिसेंबर लागला की नागपुरात खोकल्याचं औषध मागणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. थंडी पडली, बाजारात संत्रं आलं, एवढं पुरतं. गेल्या हिवाळ्यात आमच्या मेडिकलवर शेजारच्या गल्लीतल्या एक काकू वीस दिवसांत तिसरी बाटली न्यायला आल्या. वय अठ्ठावन्न. "संत्रं सोडून महिना झाला जी, पण हा खोकला काही मला सोडत नाही," म्हणाल्या, आणि तेवढं बोलता बोलता दोनदा ढास लागली. कफाचा आवाज नाही. कोरडी ढास, घशात मुंगी चालल्यासारखी. बाटली काढायच्या आधी मी त्यांच्या पिशवीतली बीपीची पट्टी मागितली. रामिप्रिल ५ मिलिग्रॅम, दिवाळीनंतर सुरू झालेली.

हा खोकला त्या गोळीचाच असू शकतो. तुम्हीही अशाच पेचात असाल, तर तुमच्यापुढे बीपीच्या गोळ्यांची साधारण दोन घराणी आहेत. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल ही 'प्रिल' घराण्यातली, म्हणजे एसीई इन्हिबिटर. टेल्मिसार्टान, लोसार्टान, ओल्मेसार्टान ही 'सार्टान' घराण्यातली. दोन्ही एकाच साखळीवर काम करतात, पण वेगवेगळ्या कडीला धरतात. खोकल्याचा सगळा हिशेब त्या एका कडीच्या फरकात आहे, म्हणून आधी ती साखळी बघू.

रक्तदाब उतरला किंवा अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड रेनिन सोडतं. यकृताने रक्तात सोडलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा रेनिन एक तुकडा काढतं. दहा अमिनो आम्लांचा हा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन-१. तो स्वतः फारसं काही करत नाही. मग एसीई नावाचं एन्झाइम कात्रीसारखं त्याच्या शेपटीची दोन अमिनो आम्लं कापतं, आणि उरलेल्या आठांचा अँजिओटेन्सिन-२ होतो. हा मात्र जबर. रक्तवाहिन्या आवळतो आणि अल्डोस्टेरॉन वाढवून मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतो. नळी अरुंद झाली आणि आतलं पाणी वाढलं, मग दाब चढणारच. ही कात्री रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर सगळीकडे असते, पण फुप्फुसातल्या केशवाहिन्यांमध्ये तिचा मोठा साठा आहे.

आता गोम इथे आहे. ही कात्री एकच धागा कापत नाही. रक्तात आणि ऊतींमध्ये ब्रॅडीकायनिन नावाचा नऊ अमिनो आम्लांचा दुसरा एक तुकडा तयार होत असतो. तो रक्तवाहिन्या सैल सोडतो, आणि मज्जातंतूंच्या टोकांना चिडवतोही. त्याच्याही शेपटीची दोन अमिनो आम्लं हीच कात्री कापते, आणि तो निकामी होतो. एरवी हे इतकं झपाट्याने चालतं की रक्तातला ब्रॅडीकायनिन अर्ध्या मिनिटाच्या आतच निम्मा होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी या कात्रीला दोन वेगळी नावंही दिली होती. एका कामासाठी एसीई, दुसऱ्या कामासाठी कायनिनेज-२. दोन्ही एकच आहेत हे नंतर कळलं.

हे सगळं समजलं ते सापामुळे. ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाचं विष रक्तद्रवात मिसळलं की ब्रॅडीकायनिन तयार होतं, हे १९४९ मध्ये रोशा ए सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढे १९६५ मध्ये सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात ब्रॅडीकायनिनचा जोर वाढवणारा घटक सापडला. तो घटक कात्रीच अडवत होता. त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल ही पहिली प्रिल गोळी तयार झाली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. म्हणजे ब्रॅडीकायनिनशी या गोळ्यांचं नातं जन्मापासूनचं आहे. खोकला हा काही गोळीतल्या भेसळीचा दोष नव्हे.

प्रिल कात्रीलाच अडवते. अँजिओटेन्सिन-२ कमी बनतो, दाब उतरतो. सोबत ब्रॅडीकायनिन टिकून राहतो आणि रक्तवाहिन्या सैल ठेवायला थोडा हातभारही लावतो. सार्टान कात्रीला हात लावत नाही. अँजिओटेन्सिन-२ बनू देते, पण तो ज्या कुलपात किल्लीसारखा बसतो ते एटी-१ नावाचं कुलूप आधीच बुजवून ठेवते. किल्ली फिरतच नाही, मग दाब उतरतो. कात्री मोकळी असल्यामुळे ब्रॅडीकायनिन नेहमीसारखा कापला जातो.

प्रिल घेणाऱ्याच्या श्वासनलिकेच्या अस्तरात मात्र तो साचू लागतो. तिथे बारीक मज्जातंतूंची टोकं असतात, धूर किंवा ठसका लागला की मेंदूला खोकल्याचा निरोप देणारी. ब्रॅडीकायनिन आणि त्याच्यामुळे वाढणारी प्रोस्टाग्लँडिन्स त्या टोकांना हळवं करतात. सबस्टन्स-पी नावाचा आणखी एक पदार्थही याच कात्रीने कापला जातो, तोही साचून भर घालतो. मग एरवी जाणवलीही नसती अशी थंड हवा किंवा फोडणीचा वास खोकला काढायला पुरतो. फुप्फुसात जंतू नाहीत, कफ नाही, तरी ढास लागते. कफ सिरप इथे का हरतं, तेही यावरून कळतं. कफ पातळ करणाऱ्या औषधाला इथे कामच नाही.

मग सगळ्यांनाच खोकला का होत नाही? ब्रॅडीकायनिन तोडणारी कात्री ही एकटीच नाही, दुसरीही काही एन्झाइम्स आहेत. ती ज्यांची तगडी, त्यांचं भागतं. पाठ्यपुस्तकं साधारण शंभरात पाच ते वीस जणांना खोकला होतो असं सांगतात. बायकांमध्ये जास्त, धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये जास्त (हे ऐकून आमच्या एका बिडीवाल्या गिऱ्हाइकाला फार आनंद झाला होता). खोकला पहिल्या गोळीनंतर काही तासांतही सुरू होतो आणि काही महिन्यांनीही. त्यामुळे "गोळी तर दोन महिने झाले चालू आहे, तेव्हा कुठे खोकला होता?" हा युक्तिवाद टिकत नाही.

रक्तदाब आणि हृदयाचं रक्षण या बाबतीत दोघांत कोण वरचढ, याचं सगळ्यात सरळ उत्तर २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत आहे. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांमध्ये रामिप्रिल, टेल्मिसार्टान आणि दोन्ही एकत्र, असे तीन गट केले होते. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती यांपैकी काहीतरी झालेले रामिप्रिल गटात १६.५ टक्के आणि टेल्मिसार्टान गटात १६.७ टक्के होते. म्हणजे बरोबरी. खोकल्यामुळे गोळी सोडणारे मात्र ४.२ टक्के आणि १.१ टक्के. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना जास्तीचा फायदा काही झाला नाही, उलट मूत्रपिंडाचा त्रास वाढला. म्हणून प्रिल आणि सार्टान जोडीने घेऊ नयेत. जुनी पट्टी उरली आहे म्हणून नवीसोबत संपवणारे लोक मी पाहिले आहेत.

माझं मत असं. प्रिल सोसते आहे, दाब आटोक्यात आहे, खोकला नाही, तर कुणाचं ऐकून बदलू नका. हार्ट फेल्युअर किंवा हार्ट अटॅकनंतर प्रिल लिहून दिली असेल, तर तिच्यामागे जुना आणि भक्कम पुरावा आहे, तिथे बदल हृदयरोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या. पण नुसत्या बीपीसाठी गोळी आहे आणि कोरड्या खोकल्याने रात्रीची झोप जाते आहे, तर प्रिल ओढत नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. जेनेरिकमध्ये किमतीचा फरकही आता अडण्यासारखा राहिलेला नाही.

काकूंकडे परत येऊ. मी त्यांना बाटली दिली नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी आधी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी केली. ते बरोबरच होतं, कारण आपल्याकडे दोन आठवड्यांवरचा खोकला गोळीच्या माथी मारण्याआधी टीबी नाही ना, हे बघावंच लागतं. ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त, छातीत घरघर यातलं काही असेल तर शोध वेगळ्या दिशेने जातो. काकूंचं सगळं स्वच्छ आलं. रामिप्रिल बंद झाली आणि टेल्मिसार्टान ४० सुरू झाली.

आठव्या दिवशी त्या परत हजर. "ही पण तशीच निघाली." इथेच बरेच जण फसतात. गोळी बदलली तरी हळवी झालेली मज्जातंतूंची टोकं लगेच शांत होत नाहीत. खोकला जायला साधारण एक ते चार आठवडे लागतात, क्वचित तीन महिने. त्या आधी सार्टानला नापास करू नये. काकूंना बाराव्या दिवशी पहिल्यांदा सलग झोप लागली, आणि चौथ्या आठवड्यात खोकला गेला. दाब १४८/९२ वरून रामिप्रिलवर १३४/८४ झाला होता, टेल्मिसार्टानवर १३२/८२ राहिला. दुसरा फसवा रस्ता म्हणजे एका प्रिलवरून दुसऱ्या प्रिलवर जाणं, किंवा गोळी अर्धी करणं. कात्री तीच अडते, त्यामुळे खोकला सहसा तसाच राहतो.

खोकल्यापेक्षा फार विरळ, पण जिवावर बेतणारा ब्रॅडीकायनिनचा दुसरा प्रकार म्हणजे ओठ, जीभ किंवा घसा सुजणं. ही ॲलर्जीची नेहमीची सूज नसते, त्यामुळे ॲलर्जीच्या गोळीवर उतरेल म्हणून घरी थांबू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. अशा माणसाला प्रिल पुन्हा कधीच देत नाहीत, आणि सार्टानही डॉक्टर जपूनच देतात.

सार्टान घेतली म्हणजे सगळ्या काळज्या मिटल्या असं नाही. काही पथ्यं दोघांना सारखीच. गरोदरपणात दोन्ही वर्ज्य. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. 'कमी सोडियमवालं' मीठ बहुतेकदा पोटॅशियमचं असतं, ते विचारल्याशिवाय वापरायचं नाही. आणि आपल्या गावासाठी खास म्हणजे मे महिना. पारा ४५ वर गेला, त्यात उलट्या-जुलाब लागले, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक चालू असेल, तर मूत्रपिंडावर एकदम ताण येतो. पट्टीवर गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर तिच्यात लघवी वाढवणारं औषधही असतं, मग जास्तच जपायचं. अशा दिवशी गोळी घ्यायची की थांबवायची, हे डॉक्टरांना फोन करून विचारून घ्या.

काकूंच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहून दिलं आहे: 'रामिप्रिल: कोरडा खोकला'. मागच्या महिन्यात त्या मुलीकडे पुण्याला गेल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी एनालाप्रिल लिहायला घेतली होती, ते पान पाहून पेन थांबला.