सोलवर तेल ओतून दाखवलं आणि बूट गळ्यात मारले

किचनमध्ये उभ्याने काम करणाऱ्यांना बूट विकताना एक खास करामत दाखवली जाते. मला बूट विकणाऱ्याने ती दाखवली. त्याने बूट उलटा धरला, सोलवर तेल ओतलं, थोडं थांबला आणि फडक्याने पुसून म्हणाला, "बघा, सोलला काहीच झालं नाही. ऑइल रेझिस्टंट आहे. तेलकट फरशीवर बिनधास्त चाला." यातलं पहिलं वाक्य खरं होतं. शेवटचं खोटं होतं, आणि त्याला ते चांगलं माहीत होतं.

सोलवर तेलाचा परिणाम होत नाही याचा अर्थ तो तेलात फुगत नाही, मऊ पडत नाही, त्याला तडे जात नाहीत. बूट जास्त टिकेल, एवढंच. कामाच्या बुटांवर यासाठी एफओ अशी खूण असते, आणि त्या चाचणीत सोलचा तुकडा पेट्रोलसारख्या द्रवात ठेवून तो किती फुगला ते मोजतात. फरशीवरची पकड त्यात कुणी तपासतच नाही. तेलाने काही न होणारा सोल तेलावरून खुशाल घसरू शकतो.

माझा घसरला. फ्रायरपासून सिंककडे जाताना, जिथे तेलाच्या थरावर पाणी सांडलेलं असतं, तिथे टाच टेकताच पाय पुढे गेला. नशिबाने हातात गरम काही नव्हतं. नंतर सोल नीट पाहिला तेव्हा कारण समोरच होतं. नक्षी दिसायला जोरदार, पण सगळी बंद चांदण्यांची. प्रत्येक चांदणी म्हणजे छोटी वाटीच. तिच्यात तेल आणि पीठ साचतं आणि बाहेर पडायला वाटच नसते. चांगल्या सोलवर सपाट माथ्याचे, धारदार कडांचे छोटे छोटे ठोकळे असतात आणि त्यांच्यामधल्या चरी थेट बुटाच्या कडेपर्यंत उघड्या असतात. पाय दाबला की ओल त्या चरींतून बाहेर ढकलली जाते आणि रबर फरशीला भिडतं. डोंगर चढायच्या बुटांसारखे मोठे, विरळ दात इथे कामाचे नाहीत, कारण गुळगुळीत फरशीला त्यांचा फार थोडा भाग टेकतो. टाचेकडची नक्षी तर आधी बघावी. चालताना पहिल्यांदा तीच टेकते.

दुसरी लबाडी खोक्यावर होती. स्टिकरवर झोकात छापलं होतं: ईएन आयएसओ २०३४७, २०२२, एसआरसी. हे एकत्र असूच शकत नाही. ईएन आयएसओ २०३४७ हे कामाच्या बुटांचं युरोपीय मानक, २०२२ ही त्याची आवृत्ती, आणि एसआरसी ही त्याच मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीतली, न घसरण्याबद्दलची खूण; साबणपाणी टाकलेली सिरॅमिक फरशी आणि ग्लिसरीन टाकलेला पोलादी पत्रा, अशा दोन्ही चाचण्या पार केल्या की ती मिळायची. २०२२ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. आता साबणपाण्याची चाचणी सगळ्यांनाच लागू असते आणि ग्लिसरीनची जादा चाचणी पार केली तर एसआर लिहितात. तेलकट किचनसाठी हीच खूण शोधावी. जुन्या आवृत्तीप्रमाणे प्रमाणित झालेल्या बुटांवर एसआरसी दिसलं तर त्यात गैर काही नाही, फक्त त्याच्याशेजारी २०२२ नको.

खोक्यावर काहीही चिकटवता येतं, म्हणून खूण बुटावरच बघायची. बहुतेकदा ती जिभेच्या आतल्या बाजूला असते: बनवणाऱ्याचं नाव, बुटाचा प्रकार, माप, बनवल्याची तारीख, मानकाचा क्रमांक आणि ही अक्षरं. माझ्या बुटात माप होतं आणि 'ऑइल रेझिस्टंट' हे दोन शब्द. बूट परत द्यायला गेलो तर विक्रेता शांतपणे म्हणाला, "मी ऑइल रेझिस्टंटच म्हटलं होतं ना?" बिलावरही तेवढंच लिहिलेलं. तेव्हा पैसे देण्याआधी 'ओल्या व तेलकट फरशीवर न घसरणारे' असं बिलावर लिहून मागा. जो खरं बोलत असतो तो लिहून देतो. लिहायला टाळाटाळ झाली की बूट तिथेच ठेवा.

उभं राहण्याबद्दलही त्याने असंच भुलवलं होतं. आतल्या गादीवर अंगठा दाबून "किती मऊ!" म्हणाला. अंगठ्याखाली मऊ लागणारा फोम अख्ख्या शरीराच्या भाराखाली लवकरच चपटा होतो, आणि मग टाच जवळजवळ सोलवरच उभी असते. गादी बाहेर काढून दोन बोटांत चिमटून सोडा. खळगा राहिला तर शिफ्टभर ती तग धरणार नाही. बूट वाकवूनही पाहा: तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. मध्यभागी घडी पडली तर तळपायाला आधार नाही. माप शिफ्ट संपल्यावर, पाय सुजलेले असताना, कामाचेच मोजे घालून घ्यावं. वरचा भाग जाळीचा किंवा भोकांचा असेल तर सोल कितीही चांगला असो, घेऊ नका; उकळतं तेल सांडलं की सरळ आत जातं.