पूर्ण नावातून आडनाव वेगळे करणारे सूत्र: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची सभासद-यादी मी एक्सेलमध्ये सांभाळतो. यादीत सुमारे तेवीसशे नावे आहेत आणि प्रत्येक नाव एकाच रकान्यात, एकाच पेटीत पूर्ण लिहिलेले आहे. सभासदांची कार्डे मात्र कपाटात आडनावाच्या क्रमाने लावलेली असतात. त्यामुळे वर्गणी थकलेल्यांची यादी काढली की ती आडनावानुसार लावून घ्यावी लागते, आणि त्यासाठी आडनाव वेगळ्या रकान्यात हवे असते. नावे सारख्या शब्दसंख्येची असती तर हे काम ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने पाच मिनिटांत झाले असते. प्रत्यक्षात कोणाचे नाव दोन शब्दांचे, कोणाचे तीन शब्दांचे, तर कोणाच्या नावाआधी ‘डॉ.’ किंवा ‘श्रीमती’ असल्याने चार शब्दांचे असते. त्या सोयीने तोडले की आडनावे तीन वेगवेगळ्या रकान्यांत विखुरतात. म्हणून शब्द कितीही असोत, शेवटचा शब्द तेवढा उचलणारे सूत्र मी आठ महिन्यांपूर्वी वापरायला घेतले. त्याचा अनुभव येथे तपशिलाने लिहीत आहे.

सूत्राचे मूळ रूप असे आहे:

```
=TRIM(RIGHT(SUBSTITUTE(A2," ",REPT(" ",100)),100))
```

हे सूत्र समजून न घेता चिकटवले तरी चालते, पण ते कोठे अडते हे कळण्यासाठी त्याची रीत एकदा नीट पाहिलेली बरी. सोयीसाठी 100 ऐवजी 10 धरू आणि A2 मध्ये ‘अनघा मोहन साठे’ हे नाव घेऊ. SUBSTITUTE प्रत्येक मोकळ्या जागेच्या ठिकाणी दहा मोकळ्या जागा भरते, म्हणजे तीन शब्द एकमेकांपासून दूर सरकतात. RIGHT त्या लांबलेल्या मजकुराच्या उजव्या टोकाची दहा चिन्हे घेते. ‘साठे’ हा शब्द चार चिन्हांचा असल्यामुळे हाती येतात त्या सहा मोकळ्या जागा आणि त्यांच्यापुढे ‘साठे’. ‘मोहन’ हा शब्द त्या दहाच्या टप्प्यात येऊच शकत नाही, कारण मधले अंतरच दहाचे आहे. शेवटी TRIM पुढच्या सहा मोकळ्या जागा काढून टाकते आणि ‘साठे’ उरते. आधी किती शब्द होते हा प्रश्न या रीतीत उद्भवतच नाही, आणि हेच मला तिच्यात सर्वांत अधिक आवडले. नाव एकाच शब्दाचे असेल तर बदलण्यासारखी मोकळी जागाच नसते, म्हणून तो शब्द जसाच्या तसा परत मिळतो.

यातून अट एकच निघते: निवडलेला आकडा शेवटच्या शब्दाच्या चिन्हसंख्येपेक्षा कमी असता कामा नये. ही अट मला साधी वाटली होती आणि तेथेच पहिली चूक झाली. आडनाव दहा अक्षरांहून मोठे कोठे असते, या समजुतीने मी सुरुवातीला खरोखरच 10 हा आकडा ठेवला होता. काही दिवसांनी यादीत एका ठिकाणी आडनावाच्या सुरुवातीला तुटका, ठिपक्यांच्या वर्तुळावर टेकलेला काना दिसला. मूळ आडनाव होते ‘महाबळेश्वरकर’. आपण त्यात आठ अक्षरे मोजतो, परंतु एक्सेलचे LEN काना, मात्रा आणि हलन्त चिन्ह स्वतंत्र मोजते, त्यामुळे त्याच्या लेखी हा शब्द बारा चिन्हांचा आहे. उजवीकडून दहा चिन्हे घेताना ‘म’ आणि ‘ह’ कापले गेले आणि ‘ह’चा काना निराधार उरला. देवनागरीत काम करणाऱ्याने म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांवर न जाता LEN काय सांगते ते पाहावे. 100 हा आकडा कोणत्याही आडनावाला पुरतो. अंदाजावर काहीच सोडायचे नसेल तर दोन्ही ठिकाणी 100 ऐवजी LEN(A2) लिहावे, कारण शेवटचा शब्द संपूर्ण मजकुराहून लांब असणे शक्य नाही.

दुसरी अडचण शेवटच्या मोकळ्या जागेची. ‘अनघा मोहन साठे’ लिहून झाल्यावर कोणी चुकून स्पेस-बार एकदा दाबला असेल, तर ती जागाही शंभर जागांची होते, उजवीकडची शंभर चिन्हे सगळी रिकामीच निघतात आणि उत्तराची पेटी कोरी दिसते. यावर उपाय सोपा आहे: A2 ऐवजी TRIM(A2) लिहिले की कडेच्या जागा आधीच निघून जातात.

खरा त्रास झाला तो तिसऱ्या प्रकारात. मध्यंतरी नव्या सभासदांसाठी आम्ही ऑनलाइन अर्ज ठेवला आणि त्यातील नावे संकेतस्थळाच्या पानावरून उचलून यादीत चिकटवू लागलो. काही नावांत आडनावाच्या जागी दोन शब्द येऊ लागले; ‘विजय दत्तात्रय साठे’ या नावातून ‘दत्तात्रय साठे’ असे उत्तर येई. पेटीत डोळ्यांना सगळे ठीक दिसत होते आणि TRIM लावूनही फरक पडत नव्हता. त्याचे कारण असे की, वेबपानांवर शब्द एका ओळीत बांधून ठेवण्यासाठी वेगळ्या प्रकारची मोकळी जागा वापरली जाते. तिचा संकेतांक 160 आहे, तर स्पेस-बारने उमटणाऱ्या जागेचा 32. सूत्र फक्त 32 ची जागा ओळखते आणि TRIM देखील तेवढीच काढते. अशी जागा आडनावानंतर असेल तर चूक आणखी फसवी होते, कारण उत्तरात ‘साठे’ दिसते, पण COUNTIF किंवा VLOOKUP ने शोधले की ते इतर साठ्यांशी जुळत नाही.

संशय आला की मी नावाशेजारच्या रिकाम्या पेटीत पुढील सूत्र लिहून पाहतो. ते शेवटच्या चिन्हाचा संकेतांक सांगते.

```
=UNICODE(RIGHT(A2,1))
```

उत्तर 32 किंवा 160 आले तर तेथे मोकळी जागा आहे. अक्षराचे किंवा मात्रेचे उत्तर 2304 ते 2431 या देवनागरीच्या टप्प्यातील आकडा येते; ‘साठे’च्या शेवटच्या मात्रेसाठी ते 2375 येते. मधली जागा तपासायची असेल तर RIGHT ऐवजी MID घेऊन त्या जागेचा क्रमांक द्यावा लागतो. आज आमच्या यादीत मी वापरतो ते सूत्र या सगळ्या दुरुस्त्यांसह असे आहे:

```
=TRIM(RIGHT(SUBSTITUTE(TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))," ",REPT(" ",100)),100))
```

सर्वांत आतले SUBSTITUTE आधी 160 ची जागा साध्या जागेत बदलते, मग TRIM कडा साफ करते आणि त्यानंतर मूळ रीत चालते. हे रूप घेतल्यापासून जागांमुळे झालेली एकही चूक माझ्या पाहण्यात आलेली नाही. UNICODE आणि UNICHAR ही दोन्ही फंक्शने एक्सेल 2013 पासून आहेत, त्याहून जुन्या आवृत्तीत ती मिळणार नाहीत.

मायक्रोसॉफ्ट 365 आणि एक्सेल 2024 मध्ये याच कामासाठी TEXTAFTER हे फंक्शन आहे. माझ्या घरच्या संगणकावर ते असल्यामुळे तीन महिने तेही वापरून पाहिले.

```
=TEXTAFTER(TRIM(A2)," ",-1,,,TRIM(A2))
```

उणे एक म्हणजे उजवीकडून पहिली मोकळी जागा, तिच्यापुढचा मजकूर द्यावा. वाचायला ते नि:संशय सोपे आहे, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी पाहिले तरी हेतू लगेच कळतो. एका शब्दाच्या नावाला मात्र ते #N/A देते. म्हणून शेवटचा TRIM(A2) आवश्यक आहे. जागा सापडलीच नाही तर काय द्यावे हे त्याने सांगितले जाते. 160 ची अडचण येथेही जशीच्या तशी राहते. वाचनालयातील संगणकावर एक्सेल 2016 असल्याने तेथे ही फाइल उघडून सूत्र पुन्हा चालवले की #NAME? येई, म्हणून अखेरीस सामायिक फाइलसाठी जुनेच लांब सूत्र कायम ठेवले. ज्यांची फाइल एकाच आधुनिक संगणकावर राहणार आहे त्यांनी TEXTAFTER घ्यावे, असे माझे मत आहे. ‘फ्लॅश फिल’ मी एकदाच वापरले. कंट्रोल-ई दाबताच रकाना भरतो खरा, पण भरलेला मजकूर सूत्र नसल्यामुळे मूळ नाव दुरुस्त केले तरी आडनाव जुनेच राहते, आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या यादीला ते चालत नाही.

येथवर सगळे सूत्राच्या आवाक्यातले होते. त्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट अशी की, शेवटचा शब्द आडनावच असेल याची हमी सूत्र देऊ शकत नाही. जुन्या नोंदवहीतून चढवलेली बरीच नावे शाळेच्या हजेरीपटाच्या पद्धतीने, आडनाव आधी घालून लिहिलेली होती. ‘जाधव अनिल शंकर’ या नावातून सूत्राने ‘शंकर’ काढले आणि सूत्राच्या दृष्टीने ते बरोबरच होते. ‘पाटील सर’ मधून ‘सर’ येते, ‘गणेश जोशी (बापू)’ मधून ‘(बापू)’ येते आणि ‘अ.मो.साठे’ असे जागा न सोडता लिहिले असेल तर सगळेच्या सगळे येते. शेवटच्या प्रकारात SUBSTITUTE ने टिंबाच्या जागी टिंब आणि मोकळी जागा घालता येते, बाकीचे डोळ्यांनी पाहावे लागते.

ते पाहण्याचे काम मी असे कमी केले. आडनावांच्या रकान्यावर पिव्होट टेबल करून प्रत्येक आडनाव किती वेळा आले ते काढले आणि फक्त एकदाच आलेली आडनावे प्रथम तपासली. ‘सर’, ‘(बापू)’ आणि टिंबांची बहुतेक नावे तेथेच सापडली. ‘शंकर’, ‘दत्तात्रय’, ‘रामचंद्र’ यांसारखी वडिलांची नावे वारंवार आलेली असल्याने ती या चाळणीत अडकली नाहीत, त्यांच्यासाठी पिव्होटमधील पूर्ण यादी एकदा शांतपणे वाचावी लागली. ती साडेतीनशेच्या आसपास आडनावांची होती, म्हणजे तेवीसशे नावे वाचण्यापेक्षा पुष्कळच सोपे काम. हजेरीपटाच्या पद्धतीची नावे सापडली की त्या ओळींपुरते पहिला शब्द काढणारे सूत्र घातले:

```
=LEFT(TRIM(A2),FIND(" ",TRIM(A2)&" ")-1)
```

दोन शब्दांची आडनावे हा प्रश्न मात्र कोणत्याच सूत्राने सुटत नाही. लग्नानंतर दोन्ही आडनावे लावणाऱ्या ‘कुलकर्णी देशपांडे’ यांच्या नावातून ‘देशपांडे’ एवढेच येते, आणि ‘डी कोस्टा’ मधून ‘कोस्टा’. आपले अर्धे आडनाव गाळून कार्ड लावलेले कोणालाही आवडत नाही, आणि त्यांचा तो आग्रह योग्यच आहे. म्हणून B रकान्यात सूत्र तसेच ठेवून शेजारी C हा हाताने लिहायचा रकाना केला आहे आणि क्रम लावण्यासाठी D रकान्यात पुढील सूत्र वापरतो.

```
=IF(C2<>"",C2,B2)
```

C मध्ये आजवर एकेचाळीस नोंदी झाल्या आहेत. नवा सभासद अर्ज भरतो तेव्हा आडनाव कसे लिहायचे हे आता त्यालाच विचारून ते थेट C मध्ये घातले जाते.