पात्रता चॅटबॉट: ठरलेले प्रश्न की मोकळ्या गप्पा?

सहकाऱ्याला पेच पडलाय: सरकारी योजनेला कोण पात्र हे सांगणाऱ्या चॅटबॉटने ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारावेत, की भाषा-मॉडेलला मोकळं सोडावं?

बनवायला दुसरा सोपा, चूक शोधायला पहिला. समजा, अट वयाची आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे आणि आजी लिहितात, ‘मला काहीच मिळकत नाही.’ मोकळा बॉट ते शून्य धरून ‘तुम्ही पात्र आहात’ असं सांगून बसू शकतो. ठरलेला आधी वय आणि घरात कोण कोण आहे ते विचारतो, मग प्रत्येकाचं उत्पन्न. ‘माहीत नाही’ हाही पर्याय देतो. शेवटी म्हणतो, ‘वयाची अट जुळते, उत्पन्न दाखल्यावरून तपासलं जाईल. मंजुरी कार्यालयाच्या हाती.’ नियम बदलला की त्याचे प्रश्न हाताने बदलायचे, हा मात्र जाच.

निकाल सांगायचा तर ठरलेला क्रमच घ्या. कोणती योजना बघावी हेच ज्याला कळत नाही, त्याला मोकळा बॉट चालेल.