आजीचं चित्र: फुटपाथवरच्या काकांकडून की फोनवरून?

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिचं चित्र फ्रेम करून द्यायचं, इथवर घरात एकमत होतं. चित्र कुठून करून घ्यायचं यावरून मात्र आत्या आणि आतेभावात जुंपली. आतेभाऊ म्हणे, फोनवर फुकटात कार्टून होतं, तेही दोन मिनिटांत. आत्याला जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथला बसणाऱ्या चित्रकार काकांकडूनच हवं होतं. शेवटी आम्ही दोन्ही करून घेतली. तुमच्या घरीही असाच वाद चालला असेल तर आमचा अनुभव कामाला येईल.

आधी फोन, कारण गर्दी तिकडेच आहे. 2025 च्या मार्चमध्ये जपानी ॲनिमेशनच्या धाटणीची चित्रं जो तो डीपीला लावू लागला, तेव्हापासून काकांसमोरची घडीची खुर्ची बहुतेक रिकामीच असते. गिऱ्हाईक येतं, कुंपणाला टांगलेले नमुने बघतं आणि किती वेळ लागेल ते विचारतं. "पाऊण तास" म्हटलं की खिशातून फोन बाहेर येतो. एका जोडप्याने तर काकांच्या समोरच सेल्फी काढून त्याचं कार्टून केलं आणि वर त्यांनाच दाखवलं, "छान आलंय ना?" काकांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिलं. "छान आहे. कोण आहेत हे?" टोमणा नव्हता, त्यांना खरंच ओळखू आलं नव्हतं.

याचं कारण फोनच्या कामाच्या पद्धतीत आहे. तो तुमचा फोटो गिरवत नाही. फोटोत साधारण काय आहे ते ताडतो आणि शिकलेल्या असंख्य चित्रांच्या वळणावर नवं चित्र उभं करतो. म्हातारी बाई, चष्मा, नऊवारी, मागे खिडकी, एवढं बरोबर येतं. पण शैलीतले डोळे, नाक आणि ओठ जवळजवळ ठरलेले असतात. चेहऱ्यात जे चारचौघांपेक्षा वेगळं असतं, तेच आधी सपाट होतं.

आजीच्या बाबतीत गेलं ते गोंदण. तिच्या कपाळावर एक आणि हनुवटीवर तीन ठिपके आहेत, लहानपणी गोंदलेले, आता हिरवट होऊन पसरलेले. पहिल्या कार्टूनमध्ये हनुवटी स्वच्छ, कपाळावर गोल लाल टिकली आणि नथीच्या जागी बारीकशी रिंग. आतेभावाने सूचना लिहून पुन्हा केलं, तर ठिपके आले, पण हनुवटीवर काळे तीळ असावेत तसे, आणि या खेपेला चेहराही थोडा बदलला. हेही लक्षात ठेवा: एक गोष्ट दुरुस्त करायला सांगितली की बहुतेक वेळा चित्र नव्याने तयार होतं आणि आधी जमलेलं काहीतरी बिघडतं. आजीने ते पाहून विचारलं, "ही कोणाची गं सून?"

आता काका. आजीला गुडघ्यांमुळे फुटपाथवर नेणं शक्य नव्हतं, म्हणून खिडकीशेजारी बसवून काढलेला फोटो दिला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि प्रश्न सुरू केले. गोंदण हिरवट की निळसर? डावा डोळा थोडा मिटलेला दिसतो, तो नेहमीचाच की उजेडामुळे? दात आहेत की कवळी? कवळी काढली की ओठ आत जातात, मग घरात आजी कशी दिसते तसं काढायचं की समारंभात दिसते तसं? आत्याला यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं घरी फोन करून विचारावी लागली. दोन्हींतला खरा फरक मला इथे दिसला. फोटोत जे दिसत नाही ते फोन मनाने भरून मोकळा होतो, माणूस विचारतो.

काम त्यांनी तिथेच बसून केलं. आधी फिक्या पेन्सिलने डोक्याची उंची ठरवली आणि निम्म्यावर डोळ्यांची रेघ मारली. डोळे कपाळाजवळ काढणं ही नवशिक्याची ठरलेली चूक. पुष्कळ वेळ ते डोळे, नाक आणि ओठ यांच्या मधल्या अंतरांवरच होते, कारण चेहरा ओळखू येतो तो या अंतरांनी. मग डोळे किलकिले करून फक्त सावल्यांचे गट पाहिले आणि चारकोल लावला. सुरकुत्या रेघांनी काढल्याच नाहीत. सावली पसरून तिच्यातून उजळ कडा खोडरबराने उचलल्या. सुरकुती रेघेने काढली की कातडीला तडा गेल्यासारखा दिसतो, असं ते म्हणाले. गोंदण सगळ्यात शेवटी, बोटाने किंचित पुसून, कडा विरलेल्या. चारकोलात हिरवा रंग कुठला, पण जुनी शाई कातडीत मुरलेली दिसली.

म्हणून हातचं ते सगळं खरं असं मानू नका. रस्त्यावरचा चित्रकार गिऱ्हाईक खूश करायला नाक बारीक करतो, वय उतरवतो. काका म्हणतात, "गोरं करा" हे ऐकल्याशिवाय त्यांचा एकही रविवार जात नाही, आणि ते करतातही. शिवाय चित्र फसू शकतं. पैसे देण्याआधी त्याचा फोनने फोटो काढा आणि मूळ फोटोच्या शेजारी अंगठ्याएवढा लहान करून बघा. एवढ्या आकारात बारकावे दिसत नाहीत, फक्त ठेवण दिसते. तरीही माणूस ओळखू आला तर चित्र जमलं. नाहीतर बहुधा डोळे किंवा तोंड जागेवरून सरकलेलं असतं, आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त होतं.

भिंतीवर लावायचं असेल तर आकाराचा हिशेबही पाहा. अशी कार्टून बऱ्याचदा 1024 पिक्सेल रुंदीची मिळतात. स्वच्छ छपाईला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके लागतात, आणि त्या हिशेबाने ती साडेतीन इंचही भरत नाहीत. ए-थ्रीवर, म्हणजे पावणेबारा इंच रुंदीवर ताणलं की कडा मऊ होतात. मोठं करणारी ॲप्स कडा धारदार करतात, पण हरवलेला चेहरा परत आणू शकत नाहीत. शिवाय व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलंत तर ते आणखी आकुंचन पावतं. छापायला देताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चारकोल म्हणजे कार्बन, तो उन्हाने फिका पडत नाही, मात्र हात लागला की पुसला जातो. त्यावर चारकोल कागदाला धरून ठेवणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा मारून घ्या आणि फ्रेमवाल्याला मधे माउंट घालायला सांगा, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. पुण्याच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरते.

फोन सरस ठरतो अशाही जागा आहेत. दोन मिनिटंही न बसणारं नातवंड, दहा जणांचा ग्रुप फोटो, आमंत्रणपत्रिका, रात्री बारा वाजता आठवलेला वाढदिवस. तिथे काकांकडे जाऊ नका, तेही हेच सांगतात. आमच्या पत्रिकेवर कार्टूनच छापलं आणि ती सून म्हणून आजीलाही आवडली. समारंभात पाटाशेजारी चारकोल ठेवलं.

हल्ली मात्र काकांकडे एक तिसराच प्रकार येतो: आधी फोनवर कार्टून करायचं आणि "हेच हाताने काढून द्या" म्हणायचं. पैसे वाया घालवायचा हा हमखास मार्ग. त्यात कधी कधी नाकाची सावली डावीकडे तर मानेची उजवीकडे असते. माणूस तर आधीच निसटलेला असतो. काका मूळ फोटो मागतात, आणि पुष्कळांनी तो डिलीट केलेला असतो. तुम्ही जाणार असाल तर फिल्टर न लावलेला, एका बाजूने उजेड आलेला फोटो न्या. चेहरा ओळखणारं घरातलं कोणीतरी बरोबर असू द्या, उत्तरं द्यावी लागतील.